एकच खोली, तीन बिले

नागपूरच्या एखाद्या केंद्र सरकारी कार्यालयातून तिघे जण दोन दिवसांच्या कामासाठी मुंबईला निघाले आहेत, असे समजू. एक अधिकारी, एक सहायक आणि एक लिपिक. रविवारी रात्री नऊच्या गाडीने निघायचे, सोमवारी सकाळी मुंबईत उतरायचे, सोमवार-मंगळवार काम उरकून मंगळवारी रात्री परतीची गाडी धरायची आणि बुधवारी सकाळी साडेसातला नागपूर. तिघे एकाच लॉजमध्ये एकेक खोली घेतात, शहरात सारखेच फिरतात, एकाच उपाहारगृहात जेवतात. तिघांच्या खिशातून जाणारा पैसा जवळपास सारखा आहे. परत आल्यावर त्यांच्या हातात पडणारी रक्कम मात्र तीन वेगळ्या आकड्यांची असते. हे कसे होते, हे समजून घ्यायचे तर फिरतीच्या भत्त्याचे कोष्टक नीट वाचावे लागते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आज लागू असलेले हे कोष्टक अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ च्या आदेशाने दिले. सातव्या वेतन आयोगाने जुने ग्रेड पे काढून टाकले आणि पे मॅट्रिक्समध्ये १८ लेव्हल आणल्या. मल्टिटास्किंग कर्मचारी लेव्हल १ वर, वरिष्ठ लिपिक लेव्हल ४ वर, थेट भरतीने आलेला गट अ अधिकारी लेव्हल १० वर, मंत्रालयातले सहसचिव लेव्हल १४ वर. प्रवास भत्त्यासाठी या १८ पायऱ्यांचे पाच गट केले आहेत : १४ आणि वरचे, १२-१३, ९ ते ११, ६ ते ८, आणि ५ व त्याखालचे. आपल्या तिघांपैकी अधिकारी लेव्हल ११ वर, सहायक लेव्हल ७ वर आणि लिपिक लेव्हल ४ वर आहे असे धरू, म्हणजे खालचे तिन्ही गट एकाच प्रवासात समोर येतील.

फिरतीच्या देयकाचे दोन मोठे भाग असतात. मुख्यालयापासून कामाच्या गावापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च हा एक, आणि त्या गावात राहणे, हिंडणे व जेवणे हा दुसरा. पहिल्या भागात फारसे वाद होत नाहीत. लेव्हल ६ ते ११ ला रेल्वेचा एसी टू टियर मिळतो, लेव्हल ५ व त्याखाली एसी थ्री टियर, लेव्हल १२ पासून एसी फर्स्ट. तिकिटाची जी रक्कम, तीच मिळते. हक्कापेक्षा वरच्या वर्गाने प्रवास केला तर हक्काच्या वर्गाइतकेच भाडे मान्य होते. खालच्या वर्गाने केला तर प्रत्यक्ष भरलेलेच. त्यामुळे आपला लिपिक एसी थ्रीमध्ये आणि बाकीचे दोघे एसी टूमध्ये असले, तरी तिकिटाच्या बाबतीत तिघांचेही नुकसान नाही. घरापासून नागपूर स्थानकापर्यंतची रिक्षा आणि मुंबईत उतरल्यावर स्थानकापासून मुक्कामाच्या जागेपर्यंतची टॅक्सी हाही याच पहिल्या भागाचा खर्च. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. स्थानकावरची टॅक्सी ते शहरातल्या फिरण्याच्या रकान्यात लिहून टाकतात, तिथली दिवसाची मर्यादा संपून जाते आणि हक्काचे पैसे बुडतात.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे, आणि खरा अन्यायही तिथेच.

दैनिक खर्चाचे तीन तुकडे आहेत. पहिला राहण्याचा. २०१७ च्या आदेशात त्याची दिवसाची कमाल मर्यादा वरून खाली अशी उतरते : ७,५०० रुपये, ४,५०० रुपये, २,२५० रुपये, ७५० रुपये आणि ४५० रुपये. दुसरा तुकडा कामाच्या गावातल्या फिरण्याचा. सर्वांत वरच्या गटाला कामापुरता लागेल तेवढा एसी टॅक्सीचा खर्च, त्याखालच्यांना दिवसाला ५० किलोमीटरपर्यंत टॅक्सी, आणि मग थेट रुपयांची मर्यादा : ३३८, २२५, ११३. तिसरा तुकडा जेवणाचा : १,२००, १,०००, ९००, ८०० आणि ५०० रुपये.

हे आकडे जसेच्या तसे आज लागू नाहीत. त्याच आदेशात एक वाक्य असे आहे की महागाई भत्ता दर ५० टक्क्यांनी वाढला की या मर्यादा २५ टक्क्यांनी वाढतील. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला आणि तेव्हा ही वाढ झाली. त्यामुळे आपल्या तिघांसाठी आजचा हिशेब असा बसतो. राहण्यासाठी अधिकाऱ्याला दिवसाला २,८१२ रुपये ५० पैसे, सहायकाला ९३७ रुपये ५० पैसे, लिपिकाला ५६२ रुपये ५० पैसे. फिरण्यासाठी अनुक्रमे ४२२.५०, २८१.२५ आणि १४१.२५ रुपये. जेवणासाठी १,१२५, १,००० आणि ६२५ रुपये.

या तीन तुकड्यांचे पैसे मिळण्याची रीत वेगवेगळी आहे, आणि बिल कोणाला परवडते ते त्या रीतीवरच ठरते.

राहणे आणि फिरणे ही प्रतिपूर्ती आहे. म्हणजे खर्च झाला तर आणि झाला तेवढाच, मर्यादेच्या आत. लेव्हल ८ आणि त्याखालच्यांना पावती जोडण्याची सक्ती नाही. स्वतः प्रमाणित केले की पुरते. मात्र त्या प्रमाणपत्रात मुक्कामाचा काळ आणि जागेचे नाव लिहावे लागते, फिरण्यासाठी प्रवासाचा काळ आणि वाहनाचा क्रमांक. याचा अर्थ ही रक्कम आपोआप मिळते असा नाही. डोंबिवलीला मावशीकडे उतरलेल्या माणसाला राहण्याचा दावा करता येत नाही, मग त्याच्या लेव्हलची मर्यादा कितीही असो. मावशीच्या घराला लॉजचे नाव दिले आणि ते उघडकीस आले, तर दावा नाकारला जाण्यावर ते थांबत नाही. खोटे प्रमाणपत्र हा विभागीय चौकशीचा विषय होतो. पाचशे-सहाशे रुपयांसाठी वर्षानुवर्षांची नोकरी पणाला लावण्यासारखे ते आहे, आणि लेखा शाखेतली अनुभवी माणसे नवख्यांना सर्वांत आधी हेच बजावतात.

जेवणाचे मात्र वेगळे आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, जेवणाचीही बिले मागितली जात. रस्त्याकडेच्या खानावळीत पोळीभाजी खाणाऱ्याने छापील बिल कुठून आणायचे? मग ज्या हॉटेलात पाय ठेवला नाही तिथली बिले मिळवली जात, आणि ती खरी नाहीत हे ठाऊक असूनही मंजूर होत. सातव्या आयोगाने रेल्वेची पद्धत उचलली आणि २०१७ पासून जेवणासाठी ठोक रक्कम सुरू झाली. पावती नाही, हिशेब नाही. मुख्यालयाबाहेर किती तास गेले तेवढेच पाहायचे. प्रामाणिक माणसाला खोटे कागद गोळा करायला लावणारी एक वाईट सवय या एका बदलाने मोडली. गेल्या कित्येक वर्षांत प्रवास भत्त्याच्या नियमांत झालेली ही सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणावी लागेल.

तासांचा हा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. दिवस मोजायचा तो मध्यरात्र ते मध्यरात्र. त्या दिवसात मुख्यालयाबाहेरचा काळ सहा तासांपेक्षा कमी असेल तर ठोक रकमेच्या ३० टक्के, सहा ते बारा तास असेल तर ७० टक्के, बारा तासांहून जास्त असेल तर पूर्ण. आपले तिघे रविवारी रात्री नऊला निघाले. मध्यरात्रीपर्यंत तीन तास, म्हणून ३० टक्के. सोमवार पूर्ण. मंगळवार पूर्ण; गाडीत काढलेली रात्रही मुख्यालयाबाहेरचीच असते. बुधवारी सकाळी साडेसातला नागपूर, म्हणजे मध्यरात्रीपासून साडेसात तास, म्हणून ७० टक्के. सगळे मिळून बरोबर तीन दिवसांची रक्कम. अधिकाऱ्याला ३,३७५ रुपये, सहायकाला ३,०००, लिपिकाला १,८७५.

अनेक जण इथे सरळ ‘दोन दिवस काम, दोन दिवसांचा भत्ता’ असे लिहून मोकळे होतात आणि एका पूर्ण दिवसाची रक्कम सोडून देतात. काही जण उलट टोकाला जाऊन चार तारखा दिसल्या म्हणून चार दिवस लावतात. मग देयक आक्षेपासह परत येते. देयकात निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहिण्याचे रकाने असतात ते याचसाठी. बुधवारची गाडी पावणेसहाला पोहोचली असती तर त्या दिवसाचे ३० टक्केच मिळाले असते. सहायकाच्या बाबतीत हा फरक ४०० रुपयांचा. वेळ अंदाजाने लिहिणे म्हणजे स्वतःचे तरी नुकसान किंवा सरकारचे तरी.

आता मुंबईतला खर्च मांडू. लॉजच्या खोलीचे एका दिवसाचे भाडे २,४०० रुपये आले असे धरू. मंगळवारी सकाळी खोली सोडून सामान कार्यालयात ठेवले, म्हणून दुसऱ्या दिवसाचे भाडे वाचले. शहरात फिरायला प्रत्येकाचे सोमवारी ३४० रुपये गेले, मंगळवारी २१०. चहा, नाश्ता, जेवण मिळून प्रत्येकी १,४०० रुपये. एकूण खर्च ४,३५० रुपये, तिघांचाही तेवढाच.

अधिकाऱ्याचे देयक सोपे आहे. खोलीचे २,४०० रुपये त्याच्या २,८१२ च्या मर्यादेत बसतात, म्हणून पूर्ण मिळतात. लेव्हल ९ पासून वर पावती मात्र जोडावी लागते. फिरण्याचे दोन्ही दिवसांचे पैसे ४२२ च्या आत आहेत, म्हणून ५५० पूर्ण. जेवणाचे ३,३७५. बेरीज ६,३२५ रुपये. खर्च वजा केला तर १,९७५ रुपये हातात उरतात.

सहायकासाठी एक तरतूद कामी येते. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे ही आठ शहरे घरभाडे भत्त्याच्या वर्गीकरणात ‘एक्स’ वर्गात आहेत. तिथे मुक्काम असेल तर लेव्हल ८ पर्यंतच्या सर्वांसाठी राहण्याची मर्यादा १,००० रुपये ठेवली होती, आता वाढीनंतर १,२५०. अट एकच : पावती हवीच. स्वप्रमाणित दावा केला तर ९३७ वरच थांबावे लागते. आपल्या सहायकाने पावती जपून ठेवली, म्हणून २,४०० पैकी १,२५० मिळाले. फिरण्याचे सोमवारी ३४० गेले, मिळाले २८१.२५, मंगळवारी २१० गेले, तेवढेच मिळाले. सोमवारची तूट मंगळवारच्या शिल्लक मर्यादेतून भरून काढता येत नाही, कारण मर्यादा दिवसाची असते, दौऱ्याची नव्हे. जेवणाचे ३,०००. बेरीज ४,७४१ रुपये २५ पैसे. खर्चापेक्षा ३९१ रुपये जास्त.

लिपिकालाही खोलीचे १,२५० मिळतात, कारण एक्स शहरातली ती मर्यादा लेव्हल ८ पर्यंत सर्वांना सारखी आहे. फिरण्याचे मात्र दोन्ही दिवशी १४१.२५ प्रमाणे २८२ रुपये ५० पैसे. जेवणाचे १,८७५. बेरीज ३,४०७ रुपये ५० पैसे. खर्च झाला होता ४,३५०. म्हणजे सरकारी कामासाठी मुंबईला जाऊन आल्याबद्दल त्याने स्वतःच्या पगारातून ९४२ रुपये ५० पैसे घातले.

तिघांची खोली तीच, टॅक्सी तीच, जेवण तेच. फिरत्या माणसाचा खर्च त्याच्या पगाराच्या प्रमाणात बदलतो असे कोष्टक गृहीत धरते. मोठ्या हॉटेलात उतरणे आणि साध्या लॉजमध्ये उतरणे यांत फरक असतो, हे खरे. पण मुंबईत एका माणसाला सुरक्षित, स्वच्छ खोली मिळण्याची जी किमान किंमत आहे, ती लेव्हल पाहून कमी होत नाही.

कोष्टकातला हा कल कोणत्या रकान्यात किती आहे, तेही पाहण्यासारखे आहे. जेवणात सर्वांत वरच्या गटाला आज १,५०० आणि सर्वांत खालच्याला ६२५, म्हणजे साधारण अडीचपट. राहण्यात वरच्याला ९,३७५ आणि खालच्याला ५६२.५०, म्हणजे साडेसोळापटींहून जास्त. सहायकाचे देयक पुन्हा वाचले तर दिसते की त्याला खोलीत १,१५० रुपयांची आणि टॅक्सीत ५८ रुपयांची तूट आली होती. ती जेवणाच्या ठोक रकमेतून वाचलेल्या १,६०० रुपयांनी भरून निघाली. जेवणाच्या नावाने मिळालेला पैसा प्रत्यक्षात खोलीचे भाडे भरतो आहे. लिपिकाकडे ही उसनवारी करायला पुरेशी रक्कमच नाही. तो १,८७५ मधून १,४०० चे जेवला, तर उरलेल्या ४७५ रुपयांत खोलीची तूट मावत नाही. म्हणून पुष्कळ लिपिक फिरतीवर एका खोलीत तिघे राहतात, घरून दशम्या आणि चटणीचा डबा घेऊन निघतात, किंवा रात्री नातेवाइकांकडे जाऊन सकाळी लोकलने दोन तासांचा प्रवास करून कामावर येतात.

राहण्याची मर्यादा इतकी तोकडी का राहिली, याचे उत्तर जुन्या आदेशात सापडते. सहाव्या आयोगानंतर २००८ मध्ये राहण्याच्या मर्यादा ५,०००, ३,०००, १,५००, ५०० आणि ३०० रुपये होत्या. महागाई भत्ता ५० टक्के वाढला की २५ टक्के वाढ, हा नियम तेव्हाही होता. २०१४ च्या सुरुवातीला महागाई भत्ता १०० टक्क्यांवर गेला, तोवर दोनदा वाढ होऊन या मर्यादा मूळच्या दीडपट झाल्या : ७,५००, ४,५००, २,२५०, ७५०, ४५०. हे आकडे ओळखीचे वाटतात? २०१७ च्या आदेशातले आकडे नेमके हेच आहेत. म्हणजे नव्या आयोगाने राहण्याच्या रकान्यात नवी आखणी केलीच नाही. जिथे जुने चाक थांबले होते तिथूनच पुढे ढकलले. एक्स शहरांसाठीची हजार रुपयांची सवलत हीच काय ती भर.

त्यानंतर महागाई भत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जाऊ लागला. कोरोनाच्या काळात जानेवारी २०२० पासून दीड वर्ष तो गोठवलेला होता. ५० टक्क्यांचा टप्पा यायला जानेवारी २०२४ उजाडले. या मधल्या काळात नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या लॉजच्या दरांनी कोणत्या आदेशाची वाट पाहिली असेल? या शहरांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ती एक्स वर्गात येत नाहीत, म्हणून तिथे १,२५० ची सवलत नाही. लिपिकाला ५६२ रुपये ५० पैशांतच रात्र काढायची असते. मुंबईच्या दौऱ्यापेक्षा नाशिकचा दौरा त्याला कधीकधी जास्त महाग पडतो, तो यामुळे.

शहरात फिरण्याच्या रकान्याची कथाही तशीच. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. त्या दराने लिपिकाच्या १४१ रुपयांत जेमतेम सात किलोमीटर होतात, सहायकाच्या २८१ मध्ये साडेतेरा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून अंधेरीच्या एखाद्या कार्यालयात जाण्याचे अंतर वीस किलोमीटरहून अधिक आहे. लोकल आणि बस यांवर भागवले तर मर्यादेत बसते, आणि मुंबईत बहुतेक जण तेच करतात. पण फायलींचे गठ्ठे, मोजमापाची उपकरणे किंवा परीक्षेचे सीलबंद साहित्य घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणे प्रत्येकाला जमण्यासारखे नसते.

एक तरतूद मात्र फार कमी जणांना माहीत असते. कामाच्या ठिकाणी पायी केलेल्या प्रवासासाठी २०१७ च्या आदेशात किलोमीटरला १२ रुपये जादा ठेवले आहेत, वाढीनंतर ते १५ होतात. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. अशा खात्यांतली माणसे गडचिरोलीच्या किंवा चंद्रपूरच्या रानात दिवसभर चालतात. त्यांच्यासाठी ही रक्कम छोटी नाही. ती मिळवायची तर कुठून कुठे, किती किलोमीटर, हे दौऱ्याच्या नोंदीत त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली अंतरे टिकत नाहीत.

आता कागदांचा प्रवास. दौऱ्याला जाण्याआधी कार्यक्रम मंजूर करून घ्यावा लागतो, आणि खर्चासाठी आगाऊ रक्कम उचलता येते. ती उचलली असेल तर परत आल्यावर १५ दिवसांत देयक सादर करून तिचा हिशेब मिटवायचा असतो. आगाऊ रक्कम घेतली नसेल तर मुदत ६० दिवसांची. पूर्वी ती एक वर्ष होती. मार्च २०१८ मध्ये ती एकदम ६० दिवसांवर आणली गेली. जुन्या सवयीने ‘मार्चअखेर सगळी बिले एकदम टाकू’ म्हणणारे कित्येक जण तेव्हा अडचणीत आले, आणि आजही येतात. मुदत उलटली की दावा करण्याचा हक्कच संपतो. दौरा खरा, पावत्या खऱ्या, काम झालेले, वरिष्ठांची सही झालेली. तरी पैसे नाहीत. आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती पगारातून वसूल होते.

विमानाने जाणाऱ्यांसाठी वेगळी सापळ्यांची वाट आहे. तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन अधिकृत संस्थांकडूनच काढायचे. जून २०२२ च्या सूचनांनुसार सर्वांत स्वस्त भाडे पाहायचे आणि शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी काढायचे. प्रवासाला ७२ तासांहून कमी वेळ उरला असताना काढले तर कारण लिहून द्यावे लागते. घाईच्या वेळी मोबाइलवर दुसऱ्या कुठल्या ॲपवरून स्वस्तात तिकीट मिळाले म्हणून काढणारा माणूस सरकारचे पैसे वाचवत असतो, पण त्याचे देयक मात्र आक्षेपात अडकते. लेव्हल ५ आणि त्याखालच्यांना विमानाचा हक्क नाही, त्यामुळे हा प्रश्न वरच्यांचा. पण ज्या दिवशी कार्यालय स्वतःहून एखाद्या लिपिकाला तातडीने विमानाने पाठवते, त्या दिवशी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लेखी हातात असल्याशिवाय त्याने विमानतळावर जाऊ नये. तोंडी ‘जा, आपण नंतर बघू’ या शब्दावर निघालेल्याला नंतर सगळे त्यालाच बघावे लागते.

सरकारी सेवेच्या मूलभूत नियमांत असे सूत्र आहे की भरपाईदाखल दिलेला कोणताही भत्ता एकंदरीत नफ्याचे साधन होऊ नये. देयक तपासणारा लेखापाल याच सूत्रावर बोट ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण वरच्या तीन देयकांत या सूत्राचे काय झाले? ज्याला सर्वांत जास्त पगार, त्याला दोन हजारांच्या आसपास उरले, आणि तेही पूर्णपणे नियमात राहून. ज्याला सर्वांत कमी, त्याला साडेनऊशे रुपयांचा खड्डा. भत्त्यातून नफा होऊ नये याची काळजी नियमाने घेतली. तोटा होऊ नये याची तितकी घेतली नाही.

यावर उपाय फार मोठ्या खर्चाचा नाही. जेवणाला जशी ठोक रक्कम दिली, तशीच लेव्हल ८ पर्यंतच्या राहण्यालाही देता येईल, शहराच्या वर्गानुसार. किंवा एक्स शहरांतली पावतीवरची सवलत खोलीच्या खऱ्या दराशी जोडता येईल आणि ती नाशिक-नागपूरसारख्या ‘वाय’ वर्गातल्या शहरांपर्यंत नेता येईल. महागाई भत्त्याच्या ५० टक्क्यांच्या टप्प्याची वाट पाहायची ती आठ-आठ वर्षे लांबते. त्याऐवजी २५ टक्क्यांच्या टप्प्यावर साडेबारा टक्के वाढ ठेवली, तरी सरकारवर शेवटी पडणारा भार तोच राहील, फक्त तो कर्मचाऱ्याच्या खिशात इतका काळ तुंबणार नाही. आणि खोलीच्या रकान्यातली साडेसोळापट दरी वरच्यांचे काही न काढताही, खालची पायरी उचलून कमी करता येते.

या गोष्टी मांडण्याची जागाही सध्या उघडी आहे. आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली आणि अहवालासाठी १८ महिने दिले. आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी त्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. कर्मचारी संघटनांच्या निवेदनांत मूळ पगार आणि फिटमेंटचा आकडा पहिल्या पानावर असतो. प्रवास भत्ता मागे कुठेतरी एका परिच्छेदात येतो. त्या परिच्छेदात नुसते ‘दर वाढवावेत’ असे लिहिण्याऐवजी अशी तीन देयके शेजारी शेजारी जोडली, एकाच दौऱ्याची, एकाच लॉजची, पावत्यांसह, तर राहण्याच्या मर्यादा २००८ पासून नव्याने आखल्याच गेल्या नाहीत हे आयोगाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.